मालकाने घरी नेलेला माल आणि फुकट वाटलेले नमुने: नोंद कशी करावी

दुकानातून माल बाहेर गेला आणि गल्ल्यात पैसे आले नाहीत, अशा व्यवहारांची नोंद बहुतेक वह्यांत एकतर नसते, नाहीतर अर्धवट असते. कोणी घरी नेलेल्या मालाची रोखीची विक्री दाखवतो, तर कोणी एमआरपीने उचल लिहितो. खर्च फक्त रकमेत टाकून साठ्यातले नग तसेच ठेवणारेही बरेच असतात. मार्चअखेरीस साठा मोजला की फरक निघतो आणि तो 'तूट' म्हणून कुठेतरी बसवला जातो. खरे तर या व्यवहारात तीन गोष्टी एकाच वेळी हलतात: मालाची किंमत, त्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची आपण घेतलेली वजावट, जी असा माल गेला की सरकारला परत करावी लागते, आणि साठ्यातले नग. तिन्हींची नोंद झाली तरच हिशेब जुळतो.

खालचे उदाहरण एकल मालकीच्या, जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या दुकानाचे आहे. दुकानात किराणा व सौंदर्यप्रसाधने विकतात, शिवाय स्वतःचा गोडा मसाला पॅक करून विकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे असे दोन व्यवहार झाले.

पहिला: मालकाने केसांच्या तेलाच्या १० बाटल्या घरासाठी नेल्या. खरेदी ऑगस्ट २०२५ च्या बिलाची, प्रत्येकी १०० रुपये व त्यावर १८% कर. बाटलीवरची एमआरपी १५०.

दुसरा: एका प्रदर्शनात २५ ग्रॅमच्या गोडा मसाल्याच्या पाकिटांचे फुकट वाटप. २५० पाकिटे नेली, त्यातली ५० परत आली.

## टप्पा १: आधी व्यवहार ओळखा

चुकांची सुरुवात इथेच होते. माल फुकट गेला म्हणजे तो नमुनाच, असे नाही. माल कोणाकडे आणि कशासाठी गेला यावर खाते ठरते.

मालकाने स्वतःसाठी, घरासाठी किंवा नातलगांच्या लग्नकार्यासाठी नेला तर ती उचल. धंदा वाढावा म्हणून गिऱ्हाइकाला चाखायला, वापरून पाहायला दिला तर तो नमुना, आणि त्याचे खाते जाहिरात. गणेशोत्सवात मंडळाला प्रसादासाठी साखर-रवा दिला तर तो नमुना नाही. दुकानाच्या नावे पावती घेतली असेल तर देणगी, मालकाच्या स्वतःच्या नावे असेल तर उचल. उंदरांनी खाल्लेला, मुदत संपून टाकून दिलेला माल या दोन्हींत येत नाही, त्याचे नुकसानीचे खाते वेगळे.

'एकावर एक मोफत' आणि 'दहावर एक' या योजनाही नमुन्यांत मोडत नाहीत. तिथे दोन्ही नग मिळून एकच किंमत घेतलेली असते. म्हणून बिलात दोन्ही नग दाखवायचे, साठ्यातून दोन्ही वजा करायचे, आणि कराची वजावट परत करायची नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात (क्रमांक ९२/११/२०१९) हा फरक स्पष्ट केला आहे. योजनेतल्या मालाला नमुना समजून वजावट परत करणारे दुकानदार हक्काचा पैसा सोडून देतात.

सावधान: उचल हा शब्द एकल मालकीला आणि भागीदारीला लागू पडतो. भागीदारीत ज्याने माल नेला त्या भागीदाराच्याच नावे रक्कम टाका, सगळ्यांच्या सामाईक खात्यात नको. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत उचल नसते. कंपनी आणि संचालक कायद्याने वेगळे, म्हणून तिथे संचालकाच्या नावे रीतसर बिलच करायला हवे.

## टप्पा २: माल हलतो त्याच दिवशी चिठ्ठी

महिनाअखेरीस आठवून लिहिलेली उचल नेहमी कमी निघते. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि माल बाहेर जाताना त्यात एवढे लिहा: तारीख, मालाचे नाव व पॅकचे माप, नग, कोणी नेला, कशासाठी, आणि खरेदी बिलाचा क्रमांक. घरातले कोणीही माल नेवो, ओळ लिहिल्याशिवाय न्यायचा नाही, हे नोकरांनाही सांगून ठेवा. बहुतेक वेळा माल काढून देणारा हात त्यांचाच असतो.

बिलाचा क्रमांक लगेच सापडला नाही तर जागा मोकळी ठेवून त्याच आठवड्यात भरा. पुढच्या टप्प्यातली किंमत आणि कराचा दर दोन्ही त्या बिलावरून घ्यायचे असतात.

नमुन्यांसाठी वहीत दोन रकाने जादा लागतात: किती नेले आणि किती परत आले. नोंद वाटलेल्या नगांची करायची असते, दुकानातून बाहेर काढलेल्या नगांची नाही. आपल्या उदाहरणात २५० नेले, ५० परत आले, म्हणून नोंद २०० ची. चव दाखवायला फोडलेली पाकिटे वाटलेल्यांतच धरा, ती परत साठ्यात येत नाहीत. माल प्रदर्शनात नेताना सोबत डिलिव्हरी चलन ठेवा आणि त्यावर 'विनामूल्य नमुना, विक्रीसाठी नाही' असे लिहा.

ही वही फक्त सोयीची नाही. केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या नियम ५६(२) प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने साठ्याचा हिशेब ठेवताना भेट किंवा नमुना म्हणून दिलेला मालही दाखवायचा असतो. कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्यांना, या पोटनियमातून सूट आहे. तपासणीत साठ्याचा फरक निघाला तर दाखवायला हीच वही हातात असते.

## टप्पा ३: रक्कम काढा

किंमत नेहमी आपल्याला पडलेली घ्यायची, विक्रीची नाही. मालक स्वतःच स्वतःला माल विकून नफा कमावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये सर किकाभाई प्रेमचंद यांच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. चांदीच्या व्यापाऱ्याने धंद्यातली चांदी काढून घेतली होती, आयकर खात्याला ती बाजारभावाने धरायची होती. न्यायालयाने खरेदीची किंमत योग्य ठरवली. एमआरपीने उचल लिहिणारा दुकानदार न झालेला नफा दाखवतो आणि त्यावर आयकर भरतो.

### तेलाच्या बाटल्या

१० बाटल्या × १०० = १,००० रुपये. त्यावर बिलात लावलेला कर १८%, म्हणजे १८०: सीजीएसटी ९० आणि एसजीएसटी ९०.

इथे सध्या हमखास होणारी चूक आहे. केसांचे तेल, शाम्पू, अंगाचा साबण, टूथपेस्ट यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८% वरून ५% झाला. माल ऑक्टोबरात नेला म्हणून ५% ने, म्हणजे ५० रुपयेच परत करणारे बरेच आहेत. पण आपण ऑगस्टच्या बिलावर १८० रुपयांची वजावट घेतली होती, म्हणून परत करायची रक्कमही १८० च. आजचा दर इथे उपयोगाचा नाही, बिलावरचा दर पाहायचा. जुना आणि नवा माल एकाच फळीवर असेल तर आधी आलेला आधी गेला असे धरा, आणि वर्षभर हीच पद्धत ठेवा.

### मसाल्याची पाकिटे

स्वतः तयार केलेल्या मालाची खरेदी किंमत नसते, उत्पादनाचा खर्च काढावा लागतो. २०० पाकिटे × २५ ग्रॅम = ५ किलो मसाला.

- धने, खोबरे, तीळ व इतर मसाल्याचा कच्चा माल: १,८०० (५% कर, ९० रुपये)
- छापील पाकिटे २०० × २ रुपये: ४०० (१८% कर, ७२ रुपये)
- भाजणे, कुटणे, भरणे यांची मजुरी: ३०० (कर नाही)

खर्च २,५००, आणि परत करायची वजावट १६२: सीजीएसटी ८१, एसजीएसटी ८१.

तयार मसाल्याच्या २,५०० वर ५% काढून १२५ परत करू नका. वजावट आपण कच्च्या मालावर आणि पाकिटांवर घेतली होती, तीच परत जाते. वर उल्लेखलेल्या परिपत्रकातही नमुन्यांसाठी वापरलेल्या कच्च्या मालाची, सेवांची वजावट त्या प्रमाणात मिळत नाही असे म्हटले आहे. दळणाच्या गिरणीने जीएसटीचे बिल दिले असेल तर त्यातला करही याच हिशेबात धरा.

तपासा: माल परराज्यातून घेतला असेल तर बिलात आयजीएसटी असतो. मग परतही आयजीएसटीच्या खात्यातूनच करायचा, सीजीएसटी-एसजीएसटीत अर्धा-अर्धा करून नाही.

नोंदणी नसलेल्यांना आणि कंपोझिशनमधल्यांना वजावट मिळतच नाही. त्यांच्यासाठी करासकट पडलेली किंमत हीच मालाची किंमत. तेलाच्या बाटल्यांची उचल त्यांच्याकडे थेट १,१८० ने येईल आणि सगळी रक्कम खरेदीतून वजा होईल.

## टप्पा ४: रोजकीर्दीतली नोंद

घरी नेलेल्या तेलाची नोंद:

| तपशील | नावे | जमा |
|---|---|---|
| उचल खाते … नावे | १,१८० | |
| खरेदी खात्याला | | १,००० |
| आवक सीजीएसटी खात्याला | | ९० |
| आवक एसजीएसटी खात्याला | | ९० |

(केसांच्या तेलाच्या १० बाटल्या मालकाने घरासाठी नेल्या, खरेदी किमतीने, घेतलेली वजावट परत केली.)

कर उचल खात्यातच का टाकायचा, असे अनेकजण विचारतात. तो माल मालकाला पडला १,१८० ला. १८० रुपये वेगळे काढून 'कर खर्च' म्हणून नफा-तोटा खात्यात टाकले तर घरखर्चाचा तेवढा भाग धंद्याच्या नफ्यातून वजा होतो, आणि तो मान्य होत नाही.

मसाल्याच्या नमुन्यांची नोंद:

| तपशील | नावे | जमा |
|---|---|---|
| जाहिरात खाते … नावे | २,६६२ | |
| मोफत नमुना वाटप खात्याला | | २,५०० |
| आवक सीजीएसटी खात्याला | | ८१ |
| आवक एसजीएसटी खात्याला | | ८१ |

(गोडा मसाला २५ ग्रॅमची २०० पाकिटे प्रदर्शनात नमुना म्हणून वाटली.)

इथे जमेची बाजू थेट खरेदी खात्याला दिलेली नाही. २,५०० मध्ये ३०० रुपये मजुरीचे आहेत, ती कधी खरेदीत नव्हतीच. म्हणून 'मोफत नमुना वाटप' हे वेगळे खाते ठेवा आणि वर्षअखेरीस व्यापार खात्याच्या जमा बाजूला न्या. नुसती विकत घेतलेली वस्तू नमुना म्हणून दिली असेल तर खरेदी खात्याला जमा दिले तरी चालते. तरीही वेगळे खाते बरे, कारण वर्षभरात नमुन्यांवर किती गेले ते एका नजरेत दिसते.

सावधान: या दोन्ही नोंदींत विक्री खाते आणि रोख खाते कुठेही येत नाही. 'गल्ल्यात स्वतःचे पैसे टाकून बिल फाडले की झाले' हा सल्ला ऐकू नका. एकल मालकीत मालक आणि धंदा वेगळे नसल्याने ती विक्री ठरत नाही, उलाढाल मात्र उगाच फुगते.

## टप्पा ५: साठ्यातले नग कमी करा

साठा संगणकावर ठेवणारे इथे अडकतात. TallyPrime मध्ये F7 ने केलेल्या जर्नलमुळे खरेदीची रक्कम कमी होते, पण साठ्यातल्या १० बाटल्या जागच्या जागी राहतात. त्यासाठी Alt+F7 ने Stock Journal वेगळे करावे लागते. त्यात Source (Consumption) बाजूला वस्तू, १० नग आणि दर भरायचा, Destination बाजू रिकामी ठेवायची. उलट, एकट्या Stock Journal ने नग कमी होतात पण उचल खात्यात काहीच जात नाही. म्हणून दोन्ही करायचे, एकाच तारखेला, आणि दोन्हींच्या स्पष्टीकरणात वहीतला चिठ्ठी क्रमांक लिहायचा.

एकच केले तर काय होते ते १,००० रुपयांच्या तेलावर पाहा. फक्त जर्नल केले तर खरेदी १,००० ने घटते, अखेरचा साठा मात्र तसाच, त्यामुळे ढोबळ नफा १,००० ने जास्त दिसतो. फक्त साठा कमी केला तर अखेरचा साठा १,००० ने घटतो, खरेदी तशीच, म्हणून नफा १,००० ने कमी दिसतो. दोन्ही केले की खरेदीही १,००० ने कमी, साठाही १,००० ने कमी, आणि ढोबळ नफ्याला धक्का लागत नाही. तसेच व्हायला हवे, कारण यात विक्री झालेलीच नाही.

हाताने वही लिहिणाऱ्यांचा साठा ३१ मार्चला मोजून ठरतो. मोजणीत त्या बाटल्या नसतातच, म्हणून वेगळी साठ्याची नोंद लागत नाही. पण रोजकीर्दीतली नोंद राहिली की नफा तेवढा कमी दिसतो. दर वर्षी ढोबळ नफ्याचे प्रमाण घसरत असेल आणि भाव तर बदललेले नाहीत, असे दिसले तर आधी न लिहिलेली उचल शोधा.

मसाल्याच्या बाबतीत साठ्यात कोणती वस्तू आहे ते पाहा. पाकिटे आधीच भरून 'गोडा मसाला २५ ग्रॅम' अशी वस्तू केली असेल तर तिचे २०० नग काढा. सुट्या मसाल्यातून ऐनवेळी भरली असतील तर सुटा मसाला ५ किलो आणि रिकामी पाकिटे २०० असे दोन्ही काढावे लागतात. रिकाम्या पाकिटांचा साठा बहुतेकजण विसरतात.

तपासा: त्या दिवशी संध्याकाळी फळीवरच्या बाटल्या मोजा आणि साठ्याच्या अहवालाशी ताडून पाहा. जुळले नाही तर त्याच दिवशी कारण सापडते, मार्चमध्ये सापडत नाही.

## टप्पा ६: जीएसटीचे विवरण

स्वतःच्या वापरासाठी गेलेल्या मालाची वजावट कायद्याच्या कलम १७(५)(छ), म्हणजे पोर्टलवर 17(5)(g), प्रमाणे मिळत नाही. भेट आणि नमुन्यांसाठी 17(5)(h) आहे. महिना तोच, ज्या महिन्यात माल गेला. ऑक्टोबरचे दोन्ही व्यवहार मिळून परत करायचे:

- सीजीएसटी: ९० + ८१ = १७१
- एसजीएसटी: ९० + ८१ = १७१

हे त्या महिन्याच्या GSTR-3B या विवरणातल्या तक्ता 4(B)(1) मध्ये भरायचे. 4(A)(5) मधली एकूण वजावट GSTR-2B प्रमाणे, म्हणजे पुरवठादारांच्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या उताऱ्याप्रमाणे, पूर्ण ठेवा. ती आतल्या आत ३४२ ने कमी करून भरली तर कर तेवढाच येतो, पण विवरण 2B शी जुळत नाही आणि नंतर खुलासे देत बसावे लागते. दुसरी गल्लत 4(B)(2) ची. तो रकाना पुढे परत घेता येणाऱ्या वजावटीसाठी आहे. घरी नेलेल्या तेलावरची वजावट कधीच परत घेता येत नाही, म्हणून ती तिथे टाकायची नाही.

Tally मध्ये करत असाल तर टप्पा ४ मधल्या जर्नलमध्येच Alt+J दाबून Reversal of Input Tax Credit निवडा. मग GSTR-3B चा अहवाल उघडून १७१-१७१ खरोखर 4(B)(1) मध्ये उतरले का ते पाहा. उतरले नसतील तर विवरण भरण्यापूर्वी जर्नल दुरुस्त करा. GSTR-1 मध्ये यातले काहीही जात नाही, कारण विक्री झालेली नाही.

मागच्या महिन्यांतली उचल राहून गेली असेल तर लक्षात आल्याबरोबर चालू विवरणात परत करा. ती वजावट दरम्यान कर भरायला वापरली गेली असेल तर वर्षाला १८% दराने व्याज लागते. क्रेडिट लेजरमध्ये शिल्लक तेवढ्या रकमेखाली कधीच गेली नसेल तर वापर झाला नाही असे धरतात. म्हणून व्याज भरण्याआधी लेजरचे उतारे पाहा.

## टप्पा ७: वर्षअखेर

उचल खात्याची बाकी नफा-तोटा खात्यात न्यायची नाही. ती भांडवलातून वजा होते:

| तपशील | नावे | जमा |
|---|---|---|
| भांडवल खाते … नावे | १,१८० | |
| उचल खात्याला | | १,१८० |

रोखीची उचल आणि मालाची उचल वर्षभर दोन पोटखात्यांत ठेवली तर पडताळणी सोपी जाते. जाहिरात खाते नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला जाते, म्हणजे नमुन्यांमुळे निव्वळ नफा २,६६२ ने कमी होतो. हा धंद्याचाच खर्च आहे, फक्त पुरावा हवा: वहीतली चिठ्ठी, चलन, आणि प्रदर्शनाच्या गाळ्याची भाडेपावती एकत्र टाचून ठेवा.

ताळेबंद करण्याआधी तीन आकडे समोरासमोर ठेवा. वहीतल्या चिठ्ठ्यांची करासह एकूण रक्कम, मालाची उचल व जाहिरात खात्यातल्या नमुन्यांची रक्कम, आणि बारा महिन्यांच्या 4(B)(1) मधले आकडे. चिठ्ठ्या आणि खाती जुळत नसतील तर रोजकीर्दीतली एखादी नोंद सुटली आहे. ती जुळतात पण कर जुळत नाही, तर बहुधा जुना-नवा दर मिसळला आहे किंवा एखादे परराज्यातले बिल चुकीच्या खात्यात गेले आहे. २०२५-२६ च्या वह्यांत सप्टेंबरनंतरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या ओळी पहिल्यांदा तपासा.